तीन सिलिंडर, आठ पायऱ्या: हवेवर चालणारा उचल-ठेव हात बांधताना

बेळगावच्या उद्यमबागेतल्या माझ्या शेडवर प्रोजेक्टची पोरं येतात तेव्हा यंत्र बहुतेक वेळा बांधून झालेलं असतं. सिलिंडर बसलेले, निळ्या नळ्या लावलेल्या, फ्रेमला रंगसुद्धा दिलेला. तक्रार मात्र एकच असते. मागच्या वर्षी खानापूरच्या एका मुलानं ती नेमक्या शब्दांत सांगितली: "काका, हात खाली जायलाय, बुश धरायलाय, वर येऊन उजवीकडे पण जायलाय. परत यायचं म्हटलं की गोंधळ घालायलाय बघा."

हा गोंधळ हवेचा नाही आणि सिलिंडरचाही नाही. उभा सिलिंडर वर पोचला की वरचा स्विच लागतो, आणि एका फेरीत तो दोनदा लागतो. पहिल्यांदा बुश धरलेला असतो, म्हणून उजवीकडे जायचं असतं. दुसऱ्यांदा बुश ठेवून झालेला असतो, म्हणून डावीकडे परतायचं असतं. स्विच दोन्ही वेळेला एवढंच सांगतो की हात वर आहे. त्याच्यावर भरवसा ठेवून पुढची हालचाल जोडली की यंत्र अडकणारच. या लेखात तीन सिलिंडरांचा असा हात पायाभरणीपासून उभा करू आणि हा तिढा जास्तीचा एकही व्हॉल्व्ह न लावता सोडवू.

## सांगाडा

उचलायची वस्तू आधी ठरवा. आमच्याकडे फाउंड्र्यांना तोटा नाही, त्यामुळे मी पोरांना ४० मिलिमीटर व्यासाचा आणि साधारण पाव किलो वजनाचा ओतीव बुश घ्यायला सांगतो. बुशला मधे भोक असतं, म्हणून सक्शन कप चालत नाही, धरणारा जबडाच लागतो. हा जबडा पुढे आपल्याला आणखी एका कामाला येणार आहे.

आडव्या हालचालीला २५ मिलिमीटर बोअर आणि २०० मिलिमीटर स्ट्रोकचा डबल अॅक्टिंग सिलिंडर घ्या. उभ्या हालचालीला त्याच बोअरचा, पण १०० मिलिमीटर स्ट्रोकचा. जबड्याला १६ बोअर, ५० स्ट्रोक. तिन्हींच्या पिस्टनमध्ये चुंबक हवं, नाहीतर रीड स्विच लागणार नाहीत. भंगारातून सिलिंडर आणत असाल तर दुकानातच रीड स्विच अंगावर फिरवून बघा. चुंबक नसलेला सिलिंडर बाहेरून अगदी तसाच दिसतो.

२५ बोअरच्या पिस्टनचं क्षेत्रफळ ४९१ चौरस मिलिमीटर. ५ बारला, म्हणजे चौरस मिलिमीटरला अर्ध्या न्यूटनला, त्याचा ढकल जवळजवळ २४५ न्यूटन होतो. पाव किलोच्या बुशासाठी हे कितीतरी जास्त आहे. इतका मोठा सिलिंडर घेण्याचं कारण फक्त रॉडची जाडी आणि पक्केपणा. पण त्या जाड रॉडकडे बघून एक चूक हमखास होते. उभा सिलिंडर थेट आडव्या सिलिंडरच्या रॉडच्या टोकाला लटकवला जातो. चार दिवस चालतो, मग रॉडचं सील एका बाजूनं झिजून हवा फुसफुसायला लागते. सिलिंडरनं फक्त ढकलायचं असतं, वजन पेलायचं नसतं. म्हणून १६ मिलिमीटरच्या दोन घासलेल्या शाफ्टवर लिनिअर बेअरिंगची गाडी करा, उभा सिलिंडर त्या गाडीवर बसवा आणि आडव्या सिलिंडरचा रॉड थोडा खेळ ठेवून गाडीला जोडा. हवा न लावता गाडी एका बोटानं टोकापासून टोकापर्यंत सरकली पाहिजे. सरकत नसेल तर दोन शाफ्ट समांतर नाहीत. ते आधी नीट करा, दाब वाढवून गाडी सरकवू नका.

जबडा विकत घ्यायची गरज नाही. एक बाजू पक्की ठेवा, दुसरी १६ बोअरच्या सिलिंडरनं पुढे सरकू द्या. ५ बारला तो १०० न्यूटन ढकलतो. दोन्ही जबड्यांना सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवला की बुश घसरत नाही. मापं मात्र अशी ठेवा की जबडा पूर्ण उघडा असताना अंतर ७५ मिलिमीटर असेल. मग ४० च्या बुशावर तो ३५ मिलिमीटर पुढे येऊन थांबतो, आणि बुश नसेल तर पूर्ण ५० पर्यंत जातो. हा १५ मिलिमीटरचा फरक लक्षात ठेवा.

## हवा किती लागेल

"कॉम्प्रेसर पुरंल काय?" हा प्रश्न परीक्षकसुद्धा विचारतात, तेव्हा एकदा हिशेब मांडून ठेवलेला बरा. उभ्या सिलिंडरची एक चाल ४९ घन सेंटिमीटरची आणि एका फेरीत अशा चार चाली, म्हणजे १९६. आडव्याची एक चाल ९८ ची, अशा दोन, पुन्हा १९६. जबड्याचे २० धरा. एकूण ४१२ घन सेंटिमीटर. ही ५ बार गेजची हवा आहे, म्हणजे मोकळ्या हवेच्या सहापट दाबलेली. त्यामुळे मोकळी हवा जवळपास अडीच लिटर होते. नळ्या दर वेळी भरतात आणि रिकाम्या होतात त्याचे पाऊण लिटर मिळवा. एका फेरीला सव्वातीन लिटर.

आठ सेकंदांची फेरी धरली तर मिनिटाला २४ लिटर. एक अश्वशक्तीचा साधा कॉम्प्रेसर याच्या दुपटीहून जास्त हवा देतो. टाकी ५० लिटरची असेल तर ८ बारपासून ५ बारपर्यंत उतरताना तिच्यातून १५० लिटर मोकळी हवा निघते, म्हणजे कॉम्प्रेसर बंद ठेवूनही पंचेचाळीस फेऱ्या, जवळजवळ सहा मिनिटं. मी पोरांना प्रात्यक्षिकाच्या आधी टाकी भरून कॉम्प्रेसर बंद करायलाच सांगतो. त्या आवाजात परीक्षकांचा प्रश्नही ऐकू येत नाही.

टाकीनंतर हातानं सरकवायचा स्लाइड व्हॉल्व्ह लावा, बंद केला की पुढची हवा बाहेर सोडणारा. त्याच्या पुढे एफआरएल, म्हणजे फिल्टर, रेग्युलेटर आणि तेलाची वाटी. जुलैत आमच्याकडच्या पावसाळी हवेत टाकीच्या तळाशी रोज पाणी साठतं. काम सुरू करण्याआधी खालचा ड्रेन उघडून ते काढलं नाही तर फिल्टरची वाटी भरून पाणी थेट व्हॉल्व्हपर्यंत जातं.

गळती तपासायची रीत सोपी आहे. सगळं जोडून, हात जागेवर थांबवून कॉम्प्रेसर बंद करा आणि दहा मिनिटं टाकीचा काटा बघा. ५० लिटरच्या टाकीत दहा मिनिटांत १ बार कमी झाला तर मिनिटाला ५ लिटर वाया जातायत, म्हणजे यंत्राच्या गरजेचा पाचवा हिस्सा. पुश फिटिंगमध्ये तिरकी कापलेली नळी हे त्याचं नेहमीचं कारण. कटरनं सरळ कापा, कात्रीनं नको.

## व्हॉल्व्ह आणि वेग

तिन्ही सिलिंडरांना ५/२ डबल सोलेनॉइड व्हॉल्व्ह घ्या, २४ व्होल्ट डीसी कॉइलचे. एका कॉइलला क्षणभर वीज दिली की आतला सरकता दांडा, म्हणजे स्पूल, सरकतो, आणि वीज गेली तरी तिथेच राहतो. स्प्रिंग रिटर्नचा स्वस्त व्हॉल्व्ह जबड्याला लावला आणि मधेच वीज गेली तर जबडा उघडून बुश खाली पडतो. डबल सोलेनॉइडचा स्पूल केवळ घर्षणावर थांबलेला असतो, म्हणून व्हॉल्व्ह आडवा बसवा. हादऱ्यानं उभा स्पूल घसरू शकतो.

या व्हॉल्व्हच्या आत स्पूल ढकलणारा छोटा पायलट व्हॉल्व्ह असतो आणि तो ओळीतल्याच हवेवर चालतो. दाब दीड-दोन बारच्या खाली असेल तर कॉइल टक् करते, दिवा लागतो, पण स्पूल हलत नाही. कॉइल जळाली समजून पोरं नवी आणतात आणि दोष मात्र रेग्युलेटरच्या नॉबमध्ये असतो.

वेग आवरायला प्रत्येक सिलिंडरच्या दोन्ही तोंडांना फ्लो कंट्रोल लावा, आणि असे लावा की आत जाणारी हवा मोकळी जाईल आणि बाहेर पडणारी आवळली जाईल. उलटं लावलं तर उभा हात वजनानं आधी खाली पडतो आणि हवा त्याच्या मागून येते. कोणत्या बाजूनं लावलाय हे बाणावरून कळतं, पण बाण दाखवण्याची पद्धत कंपनीगणिक वेगळी असते. खात्रीची युक्ती अशी: स्क्रू पूर्ण बंद करून तोंडानं फुंका. सिलिंडरच्या दिशेनं फुंकर आरपार गेली आणि उलट दिशेनं अडली, तर बरोबर.

## एका फेरीत आठ ठिकाणं

आता मूळ तिढा. उभा सिलिंडर `A`, आडवा `B`, जबडा `C` म्हणू. पुढे येणं अधिक, मागे जाणं उणे. `A` पुढे आला म्हणजे हात खाली, `B` पुढे म्हणजे गाडी उजवीकडे, `C` पुढे म्हणजे जबडा मिटलेला. प्रत्येक सिलिंडरवर दोन रीड स्विच. `a0` लागला म्हणजे हात वर, `a1` म्हणजे खाली. `b0` डावीकडे, `b1` उजवीकडे. `c0` जबडा उघडा, `c1` जबड्यात बुश.

वर्गात शिकवलेल्या कॅस्केड पद्धतीनं गेलं तर क्रम लिहून त्याचे असे गट पाडायचे की एका गटात एक अक्षर दोनदा येणार नाही. `A+ C+`, मग `A- B+`, मग `A+ C-`, मग `A- B-`. चार गट झाले, म्हणजे गट बदलायला आणखी तीन व्हॉल्व्ह, त्यांच्या नळ्या आणि त्या नळ्यांची गुंतागुंत. पद्धत चुकीची नाही, तोंडी परीक्षेत ती विचारतातच. पण या यंत्राला तिची गरज नाही. का नाही ते बघायला क्रम स्विचांच्या भाषेत मांडून बघा. मागे असेल तर ०, पुढे असेल तर १, आणि उजवीकडे त्या ठिकाणी करायची हालचाल:

```
A B C   पुढची हालचाल
0 0 0   A+
1 0 0   C+
1 0 1   A-
0 0 1   B+
0 1 1   A+
1 1 1   C-
1 1 0   A-
0 1 0   B-
```

तीन अंकांच्या जेवढ्या आठ जोडण्या होतात त्या सगळ्या इथे आल्या आहेत, आणि प्रत्येक एकदाच. म्हणजे यंत्र आत्ता कुठे आहे हे तीन सिलिंडरांकडे बघून नेमकं कळतं. मागं काय झालं हे वेगळं लक्षात ठेवायची गरजच नाही. हात वर आला तेव्हा उजवीकडे जायचं की डावीकडे, हे जबडा सांगतो: बुश असेल तर उजवीकडे, नसेल तर डावीकडे. यंत्राची आठवण त्याच्या मुठीत आहे म्हणा ना.

मग प्रत्येक कॉइल कधी लागायची ते लिहिता येतं. सहा ओळींत सगळं संपतं:

```
Ap = (start && b0 && c0) || (b1 && c1);
Am = (b0 && c1) || (b1 && c0);
Bp = a0 && c1;
Bm = a0 && c0;
Cp = a1 && b0;
Cm = a1 && b1;
```

यात `Ap` म्हणजे `A+` ची कॉइल, `Am` म्हणजे `A-` ची, बाकीच्याही तशाच, आणि `start` म्हणजे सुरू करायचं बटण. ओळी पाठ करू नका, एकदा बोटानं चालवून बघा. सुरुवातीला हात वर, डावीकडे, जबडा उघडा. बटण दाबलं की पहिली ओळ खरी होते, हात खाली जातो. खाली पोचला की `a1` आणि `b0`, म्हणून जबडा मिटतो. मिटला की `b0` आणि `c1`, म्हणून हात वर. वर आला की `a0` आणि `c1`, म्हणून गाडी निघते. ती वाटेत असताना `b0` ही नाही आणि `b1` ही नाही, त्यामुळे `A` च्या दोन्ही कॉइल बंद असतात, पण स्पूल जागेवरच असल्यानं हात वरच राहतो. डबल सोलेनॉइड घेण्याचं खरं कारण हे. उजवीकडे पोचली की `b1` आणि `c1`, हात पुन्हा खाली. पुढचं तुम्हीच चालवा.

बटणाच्या जागी दाबून राहणारा स्विच लावला तर फेऱ्या एकामागून एक सुरू राहतात. तो बंद केला तरी चालू फेरी पुरी होऊनच हात घरी थांबतो, कारण बटणाची अट फक्त पहिल्या पायरीत आहे.

## तारा

रीड स्विच थेट कॉइलला जोडायचा मोह होतो, कारण समीकरणात दोन स्विच एकामागे एक एवढंच तर आहे. तसं करू नका. दिव्याच्या दोनतारी रीड स्विचवर साधारण अडीच व्होल्ट खर्च होतात. दोन स्विच एका ओळीत आले की २४ पैकी १९ उरतात, आणि व्हॉल्व्हच्या कॉइलला साधारण दहा टक्क्यांचीच सूट असते, म्हणजे साडेएकवीस तरी हवेत. शिवाय ३ वॅटची कॉइल १२५ मिलिअँपिअर ओढते. पुष्कळ रीड स्विच एवढ्या प्रवाहासाठी केलेले नसतात, आणि त्यांचे बारीक संपर्क चिकटून बसतात.

म्हणून प्रत्येक रीड स्विचला स्वतःचा रिले द्या. चौदा पिनांचे, चार चेंजओव्हरचे २४ व्होल्ट रिले सहा लागतात. वरच्या ओळी मोजल्या तर `b` आणि `c` च्या प्रत्येक स्विचचा संपर्क तीन ठिकाणी येतो आणि `a` चा दोन ठिकाणी, तेव्हा चारात भागतं. `&&` म्हणजे संपर्क एकामागे एक, `||` म्हणजे शेजारी शेजारी. प्रत्येक रिले आणि व्हॉल्व्ह कॉइलवर उलटा डायोड लावा, १एन४००७ चालतो. पट्टी अधिकच्या तारेकडे.

आर्डुइनोवर करायचं असेल तर त्याच सहा ओळी `loop` मध्ये टाका. पण २४ व्होल्ट थेट पिनवर नेऊ नका. आत येताना ऑप्टोकपलर, बाहेर जाताना यूएलएन-२००३ सारखा ड्रायव्हर. माझं मत विचाराल तर मेकॅनिकलच्या पोरांनी आधी रिलेवर करावं. बिघाड झाला तर कोणता रिले वर आहे ते डोळ्यांना दिसतं.

`c1` ला मात्र एक टायमर हवा, आणि त्याचं कारण त्या १५ मिलिमीटरमध्ये आहे. `c1` चा रीड स्विच ३५ मिलिमीटरवर बसवलेला असतो. बुश नसेल तर जबडा त्या जागेवरून सरकत ५० वर जातो, आणि जाताना `c1` क्षणभर लागून सुटतो. डबल सोलेनॉइडला तो क्षण पुरेसा असतो. मग हात कधी रिकामाच वर येऊन थांबतो, कधी खालीच थांबतो, जबड्याच्या वेगावर अवलंबून. बघणाऱ्याला वाटतं यंत्र लहरी आहे. रीड स्विचनं टायमर चालू करायचा, आणि सलग ०.३ सेकंद सिग्नल टिकला तरच टायमरनं `c1` चा रिले ओढायचा. आता बुश नसेल तर हात दर वेळी खालीच थांबेल, म्हणजे "माल नाही" हे यंत्र स्वतः सांगेल. बुश असेल तर तेवढ्या वेळात जबड्यातला दाबही पुरा भरतो आणि उचलताना बुश निसटत नाही.

## पहिल्यांदा चालवताना

आधी कॉइलचे सगळे प्लग काढून ठेवा. रेग्युलेटर ३ बारवर ठेवा. प्रत्येक व्हॉल्व्हच्या अंगावर हातानं दाबायचं छोटं बटण असतं, त्यानं सिलिंडर एकेक करून चालवा आणि फ्लो कंट्रोल लावून घ्या. उभ्या हाताला खाली जायला सव्वा सेकंद, गाडीला दीड, एवढं पुरे.

मग रीड स्विच. सिलिंडर टोकाला नेऊन स्विच हळू सरकवा. दिवा लागतो ती जागा खुणेनं मांडा, पुढे सरकवत विझतो ती जागाही मांडा, आणि स्विच दोन्हींच्या मधोमध आवळा. दिवा लागला की तिथेच आवळणारे खूप असतात. मग चार फेऱ्यांनी हादऱ्यानं तो केसभर सरकतो आणि यंत्र मधेच थांबतं. `c1` लावताना जबड्यात खरा बुश धरायला विसरू नका.

आता रिलेंना वीज द्या, प्लग अजून काढलेलेच. हातानं बटणं दाबत हात वरच्या तक्त्यातल्या आठही जागी न्या आणि प्रत्येक ठिकाणी नेमका हवा तोच प्लग जिवंत होतो का ते टेस्ट लॅम्पनं बघा. इथे वेळ गेला तरी चालेल. एक खुलासा: ज्या हालचाली आधीच झालेल्या आहेत त्यांच्या कॉइलसुद्धा जिवंत दिसतील. घरी थांबलेल्या यंत्रात `B-` ची कॉइल लागलेलीच असते आणि कोमट होते. ते चूक नाही. चूक तेव्हा, जेव्हा एकाच व्हॉल्व्हच्या दोन्ही कॉइल एकदम जिवंत दिसतील. मग त्या ओळीतला एखादा रीड स्विच चिकटलाय असं समजा. सगळं जुळलं की `A`, `C`, `B` या क्रमानं प्लग लावा.

यंत्र कुठे अडलं तर घाईनं नळ्या उपटू नका. हात कुठे आहे ते तीन अंकांत लिहा, तक्त्यात ती ओळ शोधा, आणि तिच्यासमोरची कॉइल जिवंत आहे का ते बघा. जिवंत असेल तर दोष हवेत किंवा व्हॉल्व्हमध्ये, नसेल तर त्या ओळीतल्या दोन स्विचांपैकी एकात. हाताची जागा तीन अंकांत लिहिताच येत नसेल, म्हणजे एखाद्या सिलिंडरचा एकही दिवा लागलेला नसेल, तर दोष तिथेच सापडला.

## जेवणाच्या सुट्टीनंतर

एक प्रसंग सांगतो, तो माझ्याच शेडमधला आणि चूकही माझीच. गाडी बुश घेऊन उजवीकडे निघालेली असताना मी जेवायला म्हणून वीज बंद केली आणि स्लाइड व्हॉल्व्ह ओढला. हवा सगळी निघून गेली. परत आल्यावर एका मुलानं गाडी हातानं डावीकडे ढकलली आणि जबड्यातला बुश काढायला वाकला. "वीज बंदच आहे, काही होत नाही," असं मीच म्हणालो, आणि हवा चालू केली. गाडी एका झटक्यात उजवीकडे आपटली. बैलहोंगलचा त्याचा जोडीदार "निल्लिस्री!", थांबवा, असं कानडीत ओरडला तोवर सगळं होऊन गेलं होतं. मुलाचं मनगट वीतभर बाजूला होतं म्हणून वाचलं.

वीज बंद होती हे खरं. पण `B` चा स्पूल `B+` वरच बसलेला होता, आणि हवा आली की सिलिंडर स्पूल सांगेल तिकडे जातो. त्याला वीज लागत नाही. झटका बसला त्याचं कारण वेगळं. फ्लो कंट्रोल बाहेर पडणारी हवा आवळतो, आणि समोरच्या बाजूला आवळायला हवाच नव्हती. ती सगळी आधीच निघून गेलेली. म्हणून हवा रिकामी केल्यानंतरची पहिली चाल कधीच आवरलेली नसते, स्क्रू कितीही घट्ट असोत.

आपत्कालीन बटणानं कॉइलची वीज तोडून हे टळत नाही. हवा नसताना हातानं बटण दाबून स्पूल घरी आणायचा म्हटलं तर तेही जमत नाही, कारण पायलटला हवा लागते. तेव्हापासून माझ्याकडे असं चालतं: हवा चालू करण्याआधी रेग्युलेटरचा नॉब पूर्ण मोकळा करायचा, मग स्लाइड व्हॉल्व्ह उघडायचा, आणि सगळ्यांचे हात बाहेर असल्याचं बघून नॉब हळूहळू आवळायचा. एका बारच्या आसपास गाडी रांगत स्पूलच्या जागी जाते. दाब २ बारच्या वर गेला की हातबटणं चालायला लागतात, मग तिन्ही सिलिंडर एकेक करून घरी आणायचे, उभा आधी वर घेऊन. पाच बार झाल्यावरच वीज. त्यात कॉइलच्या सामायिक तारेवर एक मास्टर रिले ठेवा, जो वीज आल्यावर आपोआप न लागता वेगळं बटण दाबल्यावरच लागेल. नाहीतर बुश धरलेल्या अवस्थेत वीज परतली की `Bp` ची ओळ आपसूक खरी होते आणि गाडी निघते. आमच्याकडे वीज दुपारी कधीही जाते आणि कधीही येते.

## ही युक्ती कुठवर पुरते

आठही जागा वेगळ्या निघाल्या ते या क्रमामुळे. क्रम बदलला की तक्ता पुन्हा मांडावा लागतो. निपाणीच्या एका गटाला ठेवलेल्या बुशावर छाप मारायला चौथा सिलिंडर `D` हवा होता. बुश ठेवून हात वर आला की `D+`, लगेच `D-`, मग गाडी परत. कागदावर मांडलं तर हात वर, उजवीकडे, जबडा उघडा आणि `D` मागे ही अवस्था दोनदा आली, एकदा छाप मारण्याआधी आणि एकदा नंतर. स्विच तेच, पण हालचाल वेगळी. इथे मुठीतली आठवण पुरत नाही. आम्ही आठवणीसाठी एक वेगळा रिले घातला. तो `d1` लागला की स्वतःच्या संपर्कानं धरून राहतो आणि गाडी `b0` वर पोचली की सुटतो. मग `D+` ला त्याचा रिले सुटलेला असताना जुळलेला राहणारा संपर्क आणि `D-` व `B-` ला रिले ओढल्यावर जुळणारा संपर्क जोडला, `B-` च्या ओळीत `d0` ही घातला, म्हणजे ठसा वर आल्याशिवाय गाडी हलणार नाही.

एक अडचण मात्र लगेच आली. नव्या `B-` ला तो आठवणीचा रिले लागतो, आणि यंत्र घरी असताना तो सुटलेला असतो. कोणी गाडी हातानं चार मिलिमीटर उजवीकडे सरकवली की `b0` विझायचा आणि बटण दाबून काही होईना. तिथे `B` चा स्पूल आधीच `B-` वर असल्यानं हवा गाडीला परत आणते, फक्त हवा चालू असली पाहिजे. पोरांनी त्या दिवशी अर्धा तास रिले तपासले, आणि स्लाइड व्हॉल्व्ह बंद होता.